धुऱ्यावरची वाटणी आणि मोबाईलमधली वाटणी

आमच्या सौंदडकडे रोवणीच्या दिवसांत काम कसे वाटले जाते, ते आधी सांगतो. पंधरा-वीस बाया गुत्त्याने रोवणा घेतात. सकाळी धुऱ्यावर सगळ्या उभ्या असतात. त्यांची मुकादमीण बोट दाखवून सांगते की तुम्ही चौघी या बांधीत, तुम्ही सहाजणी त्या बांधीत. कुणाला चिखल जास्त आला, कुणाला बांधी लांबची मिळाली, की तिथेच आवाज चढतो. "काल बी मलेच खोलगट बांधी देल्ली, आज बी मलेच काहून?" मुकादमिणीला उत्तर द्यावे लागते. ती पक्षपात करत नाही असे नाही. आपल्या जावेला, आपल्या नणंदेला ती सोपी बांधी देते. पण देताना सगळ्यांना दिसते, आणि दिसते म्हणून भांडता येते.

माझा भाचा नागपुरात दुचाकीवर खाण्याच्या पार्सलची डिलिव्हरी करतो. बी.ए. झाला, दोन वर्षे भरतीचे फॉर्म भरले, मग सौंदडच्या बसस्टॉपवरून नागपूरची गाडी पकडली. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. मागच्या वर्षी दसऱ्यानंतर आठवडाभराने त्याचा फोन आला. म्हणाला, "मामाजी, मी हॉटेलच्या दारात उभा हावो, आणि आर्डर दोन चौक दूरच्या पोराले गेली. एक दिवस नाही, रोजचंच झालं. कोनाले इचारू?"

मी चळवळीतला माणूस. मला सवयीने पहिला प्रश्न सुचला, "तुमचा मुकादम कोण?" तो हसला. म्हणाला, "मुकादम नाही ना जी. ॲप देते."

"ॲप देते" हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. ॲप काही देत नाही. ॲपला कुणीतरी सांगून ठेवलेले असते की काम कसे द्यायचे. सांगणारा माणूस असतो, त्याला पगार मिळतो, त्याचा साहेब असतो. फरक एवढाच की तो धुऱ्यावर उभा नसतो.

वाटणी आत कशी होते

मी या विषयाचा अभ्यासक नव्हतो. भाच्यासाठी शिकत गेलो. समजले ते सोप्या शब्दांत मांडतो, कारण हे न समजता भांडायला गेलो तर पहिल्याच उत्तरात गप्प व्हावे लागते.

आपल्याला वाटते की जो जवळ त्याला ऑर्डर मिळाली पाहिजे. बहुतेक मोठ्या ॲपमध्ये तसे होत नाही, आणि त्यामागे एक सरळ कारणही आहे. ॲप एकेक ऑर्डर सुटी बघत नाही. काही सेकंदांत आलेल्या ऑर्डरी आणि त्या वेळी मोकळे असलेले रायडर यांचा एकत्र हिशेब मांडते आणि सगळ्यांचा मिळून वेळ कमीत कमी कसा लागेल ते बघते.

समजा, दोन ऑर्डरी आल्या आणि दोन रायडर मोकळे आहेत. भाचा पहिल्या हॉटेलपासून २ मिनिटांवर आहे आणि दुसऱ्यापासून ३ मिनिटांवर. त्याचा मित्र पहिल्यापासून ४ मिनिटांवर आणि दुसऱ्यापासून ९ मिनिटांवर. "जो जवळ त्याला" या नियमाने पहिली ऑर्डर भाच्याला आणि दुसरी मित्राला, एकूण २ अधिक ९ म्हणजे ११ मिनिटे. उलटे केले तर भाच्याला दुसरी, मित्राला पहिली, एकूण ३ अधिक ४ म्हणजे ७ मिनिटे. यंत्र दुसरा मार्ग घेणार. भाच्याच्या समोरच्या हॉटेलची ऑर्डर ४ मिनिटे दूर असलेला मित्र घेऊन जाणार. यात अन्याय नाही, कारण भाच्यालाही त्याच क्षणी दुसरी ऑर्डर मिळाली.

म्हणून "मी जवळ असून मला मिळाली नाही" एवढ्या तक्रारीवर कंपनी तुम्हाला सहज परतवून लावते. त्या उत्तराला आपण तयार असलो पाहिजे.

खरी गोम पुढे आहे. हिशेब मिनिटांत मांडला की त्या मिनिटांत दुसरेही काही मिसळता येते. एकच ऑर्डर आहे असे धरा. भाचा ३ मिनिटांवर, मित्र ६ मिनिटांवर. सरळ हिशेबात भाच्याला मिळाली पाहिजे. आता यंत्राला कुणी सांगून ठेवले की ज्याने मागच्या काही दिवसांत ऑर्डरी नाकारल्या किंवा लावलेला स्लॉट रद्द केला, त्याच्या वेळेत ४ मिनिटे वाढवून धरा. भाच्याचे ३ चे ७ झाले. मित्राचे ६ च राहिले. ऑर्डर मित्राला. भाच्याच्या मोबाईलवर काहीच दिसले नाही. "तुझे चार मिनिटे कापले" असा संदेश येत नाही. शिक्षा झाली, पण शिक्षेचा कागद नाही.

ही आकडेमोड मी समजावण्यासाठी घेतली आहे. प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा असतो. पण रचना ही अशी असू शकते, आणि बाहेर उभ्या माणसाला दोन्ही प्रकार अगदी सारखे दिसतात. पहिल्यात सोय आहे, दुसऱ्यात शिक्षा आहे.

वहीचा प्रयोग

दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? मी भाच्याला म्हटले, वही कर. त्याचा एक मित्र त्याच झोनमध्ये, त्याच वेळेला, तशीच पेट्रोलची गाडी चालवतो. दोघांनी ठरवले की १२ दिवस संध्याकाळी ६ ते १० एकाच चौकात थांबायचे आणि लिहायचे. रकाने साधे होते: लॉगिनची वेळ, ऑर्डर कुणाला आली, कोणत्या हॉटेलची, त्या क्षणी दुसरा मोकळा होता की नाही, आणि ऑर्डर स्क्रीनवर येऊन हातातून गेली असेल तर का गेली.

दोघेही मोकळे, दोघेही त्याच चौकात, आणि ऑर्डर एकालाच आली, असे १२ दिवसांत ४१ वेळा झाले. त्यात मित्राला २८ आणि भाच्याला १३. पण खरी गोष्ट एकूण आकड्यात नव्हती. पहिल्या ८ दिवसांत मित्राला २२ आणि भाच्याला ६. शेवटच्या ४ दिवसांत मित्राला ६ आणि भाच्याला ७. म्हणजे नवव्या दिवसापासून दोघे अचानक बरोबरीला आले. चौक तोच, गाडी तीच, पोरगा तोच.

इथे लक्षात घ्या. सोयीची वाटणी असेल तर दोघे शेजारी शेजारी उभे असताना कधी याला, कधी त्याला असे होत राहते. आठ दिवस एकाच बाजूला झुकून एका ठराविक दिवशी सरळ होत नाही. एका तारखेला सुरू झालेला आणि एका तारखेला संपलेला फरक दिसला, तर त्या तारखांच्या आसपास काय घडले ते शोधायचे.

आम्ही शोधले. अशोक विजयादशमीला भाचा दीक्षाभूमीवर स्वयंसेवक होता. दोन दिवस. त्या दिवसांचे स्लॉट त्याने आठवडाभर आधी लावून ठेवले होते, आणि आदल्या रात्री रद्द केले होते. वही सुरू झाली ती त्यानंतर सातव्या दिवशी. वहीचा आठवा दिवस म्हणजे त्या सुट्टीनंतरचा चौदावा. पंधराव्या दिवशी गडी बरोबरीला आला.

मी लगेच "बघा, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची शिक्षा" अशी पोस्ट टाकू शकलो असतो. शेकडो लाइक मिळाले असते. टाकली नाही, कारण दोन माणसांची १२ दिवसांची वही म्हणजे शंका घेण्याइतका पुरावा आहे, दोष ठरवण्याइतका नाही. मित्राचा मोबाईल वेगळा होता. कदाचित त्याचे नेटवर्क चांगले असेल. मधल्या काळात कंपनीने नियमही बदलला असेल. वहीने आम्हाला निकाल दिला नाही. नेमका प्रश्न कोणता विचारायचा, ते दिले.

बोलोन्यातली "फ्रँक"

हाच प्रश्न इटलीत न्यायालयात गेला होता. तिथे डिलिव्हरू नावाची खाणे पोचवणारी कंपनी होती आणि तिच्या कामवाटपाच्या यंत्रणेचे नाव होते फ्रँक. पुढच्या आठवड्याचे स्लॉट सोमवारी उघडायचे, पण सगळ्यांना एकाच वेळी नाही. ज्यांची क्रमवारी वरची त्यांना सकाळी ११ वाजता, मधल्यांना दुपारी ३ ला, उरलेल्यांना संध्याकाळी ५ ला. पाच वाजता उरणार काय? क्रमवारी ठरायची दोन गोष्टींवर: लावलेल्या स्लॉटला हजर राहिला की नाही, आणि गर्दीच्या वेळी, म्हणजे शुक्रवार ते रविवारच्या संध्याकाळी, किती वेळा उपलब्ध होता. स्लॉटच्या २४ तास आधी रद्द केले नाही तर गुण कमी.

बोलोन्याच्या न्यायालयाने ३१ डिसेंबर २०२० ला निकाल दिला. मुद्दा असा की ही यंत्रणा गैरहजेरीचे कारण बघतच नव्हती. आजारी पडलेला, संपावर गेलेला आणि झोपून राहिलेला, तिघांनाही सारखेच गुण. कंपनीला वाटत होते की सगळ्यांना एकच नियम म्हणजे समानता. न्यायालय म्हणाले की ज्यांची कारणे कायद्याने संरक्षित आहेत, त्यांना बाकीच्यांसारखेच मोजणे हाच भेदभाव आहे. संघटनेला ५० हजार युरो भरपाई मिळाली.

आंबेडकरी माणसाला हा युक्तिवाद नवा नाही. विषम स्थितीतल्या माणसांना एकच मापट लावले की विषमताच वाढते, हे आपण आरक्षणाच्या वादात शंभरदा सांगितलेले आहे. फ्रँकच्या बाबतीत तेच न्यायालयात सिद्ध झाले. यंत्राला जात-धर्म-संघटना माहीत नव्हती, आणि ते माहीत नसणेच नुकसानीचे ठरले.

गिरणीतला धागा

इथे आपल्या इतिहासातली एक गोष्ट आठवते. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. ते बहुतेक सूतकताईच्या खात्यात असत. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. कारण काय सांगितले जाई? धोट्यात नवी बोबीन घातली की धागा तोंडाने ओढून छिद्रातून काढावा लागतो, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेल्या धोट्याला बाकीचे तोंड कसे लावणार. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संघटनेच्या नेत्यांसमोर ठेवला. कामगार एकजुटीच्या गप्पा मारता, तर या कामवाटपाबद्दल तुमचे म्हणणे काय?

त्या काळी जॉबर कुणाला कुठल्या खात्यात टाकायचे ते ठरवी आणि रोज सकाळी दारावर जमलेल्या बदली कामगारांतून आपल्या मर्जीने माणसे निवडी. या मनमानीला आळा घालण्यासाठी मालक संघाने १९३५ मध्ये बदली नियंत्रण पद्धत आणली. ठरावीक लोकांना महिन्याच्या सुरुवातीला बदली कार्ड द्यायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. पद्धत पूर्ण न्याय्य नव्हती. पण "मला कार्ड आहे, मग मला का घेतले नाही" असे विचारायला हातात एक कागद आला.

मी ही गोष्ट का सांगतो? धोट्याचे कारण अमानुष होते, पण ते बोलले जात होते. म्हणून बाबासाहेब त्याच्यावर बोट ठेवू शकले. मोबाईलमधल्या वाटणीचे कारण चांगले आहे की वाईट हे मला माहीत नाही, कारण ते बोललेच जात नाही. कंपन्या जात बघून काम देतात असा आरोप मी करत नाही. माझा आरोप लहान आहे: त्या काय बघतात हे तपासण्याची सोयच त्यांनी ठेवलेली नाही.

आणि जात फॉर्ममध्ये नसली तरी दुसऱ्या दाराने येऊ शकते. ग्राहकाला रायडरचे नाव दिसते. २०१९ मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने रायडर हिंदू नाही म्हणून झोमॅटोची ऑर्डर रद्द केली आणि ते ट्विटरवर अभिमानाने लिहिले. कंपनीने त्याचे ऐकले नाही, हे चांगले केले. पण असा प्रत्येक ग्राहक ट्विटरवर लिहीत नाही. काही जण आडनाव वाचून गुपचूप एक तारा देतात. तो एक तारा जर उद्याच्या कामवाटपात मोजला जात असेल, तर ग्राहकाचा पूर्वग्रह यंत्राने आकडा करून साठवला आणि त्यावर शिक्का मारला "कामगिरी".

ओलाचा निकाल

"हे व्यापारी गुपित आहे, सांगता येत नाही" असे उत्तर मिळेल. त्यावर एक उदाहरण पाठ करून ठेवा. कंपनी आपल्याकडचीच आहे.

ब्रिटनमधल्या काही चालकांनी, त्यांच्या संघटनेच्या मदतीने, उबर आणि ओला या दोन कंपन्यांवर नेदरलँड्समध्ये खटले भरले. मागणी एकच: आमच्याबद्दल तुम्ही काय माहिती साठवली आणि तिच्यावरून कसे निर्णय घेतले ते सांगा. ४ एप्रिल २०२३ ला ॲम्स्टरडॅमच्या अपील न्यायालयाने बऱ्याच बाबतींत चालकांच्या बाजूने निकाल दिला. ओला चालकांसाठी "फसवणुकीच्या शक्यतेचा" एक गुणांक काढत होती आणि "कमाईची प्रोफाइल" तयार करत होती, हे त्या खटल्यात समोर आले. राइड कुणाला द्यायची ते ठरवण्यातही यंत्राचा आपोआप निर्णय आहे, आणि त्याचा चालकाच्या पोटावर परिणाम होतो, म्हणून कोणती माहिती वापरली आणि तिला कसे वजन दिले ते त्याला कळले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. व्यापारी गुपिताची सबब या माहितीसाठी पुरेशी ठरली नाही.

तिथे त्यांच्या पाठीशी युरोपचा डेटा संरक्षण कायदा होता. आपल्याकडे काय आहे? सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये "गिग कामगार" आणि "प्लॅटफॉर्म कामगार" या व्याख्या आल्या, पण ती संहिता विमा, पेन्शन, निधी याबद्दल बोलते. काम कसे वाटले जाते याबद्दल गप्प आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्यात आपल्या माहितीचा गोषवारा मागण्याचा हक्क आहे, आणि ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय होतो ती पूर्ण आणि अचूक असली पाहिजे असे कंपनीवर बंधन आहे. पण "हा निर्णय यंत्राने कसा घेतला ते समजावून सांगा" असा सरळ हक्क त्यात नाही. कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांचा जो कायदा केला, त्यात आपोआप निर्णय घेणाऱ्या यंत्रणांची माहिती कामगाराला समजेल अशा भाषेत देण्याची तरतूद आहे. माथाडी कायदा १९६९ मध्येच करून टोळ्यांचे काम मंडळाच्या नोंदणीखाली आणणाऱ्या महाराष्ट्राने ही मागणी लावून धरायला हवी.

विचारायचे प्रश्न

भाचा आणि त्याचे मित्र मिळून अकरा जण. त्यांनी कागद तयार केला. मी फक्त मराठी नीट केले. एक पथ्य आम्ही पाळले: प्रश्न असा हवा की कंपनीला तिचा सॉफ्टवेअर कोड न देता आणि दुसऱ्या रायडरची खाजगी माहिती न देता उत्तर देता येईल. "मलाच काहून नाही?" हा धुऱ्यावरचा प्रश्न होता. त्याला आम्ही असे रूप दिले.

पहिला प्रश्न: काम देताना माझ्याबद्दलच्या कोणकोणत्या गोष्टी मोजल्या जातात? अंतर, नकार, रद्द केलेले स्लॉट, रेटिंग, लॉगिनचे तास. यादी द्या. वजन नाही सांगितले तरी चालेल, पण कोणती गोष्ट जास्त मोजली जाते, तो क्रम सांगा.

दुसरा: "नकार" कशाला म्हणता? हा प्रश्न वहीतून निघाला. भाच्याच्या वहीत नऊ ठिकाणी लिहिले होते की ऑर्डर आली तेव्हा तो इमारतीच्या तळघरात किंवा लिफ्टमध्ये होता, नेटवर्क नव्हते, वर येईपर्यंत वेळ संपली. त्याने नाही म्हटलेच नव्हते. ते नकारात धरले का?

तिसरा: स्लॉट रद्द केल्याचा परिणाम किती दिवस राहतो? आजारपण, अपघात, घरातला मृत्यू, सण, मतदान यांची कारणे नोंदवायला जागा आहे का, आणि ती बघितली जातात का?

चौथा: ग्राहकाचे रेटिंग कामवाटपात मोजले जाते का? मोजले जात असेल तर कारण न देता दिलेला एक तारा वगळला जातो का, आणि त्यावर हरकत कुठे घ्यायची?

पाचवा: हे नियम मागच्या सहा महिन्यांत कधी बदलले, आणि पुढे बदलताना आम्हाला आधी सांगणार का?

सहावा: यंत्राचा निर्णय चुकला असे वाटले तर तो बघणारा माणूस कोण? नाव नको, पद सांगा, आणि किती दिवसांत उत्तर मिळेल ते सांगा.

आधी भाच्याने एकट्याने चॅटवर विचारले होते. "आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व" असे तेच उत्तर चार वेळा आले. अकरा जणांनी सही करून कागद नागपूरच्या कार्यालयात दिला आणि पोच मागितली, तेव्हा तिथला अधिकारी बोलला. तीन आठवड्यांनी दोन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली. २४ तासांच्या आत रद्द केलेला स्लॉट १४ दिवस मोजला जातो, कारण कोणतेही असो. आणि वेळ संपून गेलेली ऑर्डर नकारातच धरली जाते. रेटिंगबद्दल एक शब्दही नाही. बाकीच्यांना "आपला अभिप्राय नोंदवला आहे".

नियम बदलला नाही. पण भाच्याच्या वहीतला पंधरावा दिवस आता अंदाज राहिला नाही. त्या अकरा जणांना आता नेमके माहीत आहे की मागायचे काय: रद्द करताना कारण लिहायला एक रकाना, आणि नेटवर्क नसताना गेलेली ऑर्डर नकारातून वगळणे. "अन्याय होतो" या घोषणेपेक्षा या दोन मागण्या टाळायला अवघड आहेत. यंदा दीक्षाभूमीच्या दोन दिवसांचे स्लॉट भाच्याने लावलेच नाहीत. ही त्याची सोय झाली, न्याय नव्हे, हे त्यालाही कळते.

जे तरुण हे काम करतात त्यांना माझे एकच सांगणे आहे. वही आजच सुरू करा आणि शेजारच्या पोरालाही करायला लावा, कारण एकट्याच्या वहीत तुलना नसते. ॲपवर जो जो आकडा दिसतो त्याचा दर आठवड्याला स्क्रीनशॉट काढून ठेवा. उद्या खाते बंद झाले तर तो आकडाही तुमच्या हातातून जातो.

दिवाळीला भाचा गावी आला होता. माझ्या बहिणीला त्याने हे सगळे सांगितले. तिने आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधीत रोवणी केली आहे. ऐकून घेतले आणि म्हणाली, "अरे, आमची मुकादमीण खोटी बोले, पन तोंड तं दाखवे."

जय भीम.